‘सविस्तर मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती’: एका मेलचं प्रकरण

विद्यार्थिनी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. सप्टेंबरमध्ये कॅम्पसमधून एका आयटी कंपनीची ऑफर हाती आलेली, एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा अर्ज भरलेला, आणि मन मात्र तिसरीकडेच: गाड्यांच्या आवाजाची आणि कंपनांची चाचणी करणाऱ्या विभागात, म्हणजे ज्याला या धंद्यात सगळे ‘एनव्हीएच’ म्हणतात तिथे. तिचा प्रोजेक्टही त्याच वळणाचा होता. बेअरिंगमधला दोष कंपनांवरून ओळखायचा.

सल्ला विचारायला ज्यांना मेल लिहायचा ते तिच्या वीसेक वर्षं आधी त्याच शाखेतून बाहेर पडलेले. आता चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागाचे प्रमुख. ओळख शून्य. दुवा एवढाच की महाविद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांचा मराठीत लिहिलेला तीन पानी लेख आला होता. तिने माजी विद्यार्थी संघाच्या सचिवांना विचारलं. सचिवांनी आधी त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपवर विचारलं, त्यांचं उत्तर आलं, “मेल करायला सांग.” मग पत्ता मिळाला.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं, आणि हे नीट होणं महत्त्वाचं आहे. संघाकडे असलेली यादी मेळाव्यासाठी असते. त्यातून परस्पर पत्ता उचलला किंवा कंपनीच्या इतर पत्त्यांवरून अंदाज बांधून ऑफिसच्या मेलवर लिहिलं, तर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हिला माझा पत्ता कुठून मिळाला’ हा. बाकीचा मेल मग त्या प्रश्नाच्या सावलीत वाचला जातो.

त्याच रात्री तिने लिहिलेला पहिला मसुदा असा:

> विषय: मार्गदर्शनाबाबत विनंती
>
> आदरणीय सर,
> सविनय नमस्कार. मी आपल्याच महाविद्यालयाची मेकॅनिकल शाखेची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. माजी विद्यार्थी संघाच्या सचिव सरांकडून समजले की आपण मला मार्गदर्शन करण्यास तयार आहात. आपल्यासारख्या यशस्वी व्यक्तीचे मार्गदर्शन लाभणे हे मी माझे भाग्य समजते.
>
> मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे. मला आयटी कंपनीची ऑफर आहे, परंतु मला कोअरमध्येच करिअर करायचे आहे. तरी सध्या कोअर क्षेत्रात संधी कशा आहेत, मी कोणते कोर्स करावेत, गेट द्यावी की नोकरी करावी, तसेच एनव्हीएच क्षेत्राचे भवितव्य काय, याबाबत आपण सविस्तर मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती. आपल्या कंपनीत माझ्या योग्य जागा असल्यास कृपया कळवावे. रेझ्युमे सोबत जोडला आहे.
>
> ऑफरबाबत मला शुक्रवारपर्यंत निर्णय द्यायचा असल्याने आपण उद्या किंवा परवा संध्याकाळी वेळ दिल्यास बरे होईल. आपल्या बहुमूल्य वेळातून वेळ काढाल अशी खात्री आहे.
>
> आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या अपेक्षेत,

हा मेल उद्धट नाही. लिहिणारी मुलगी तर त्याहून नाही. ‘आदरणीय’, ‘सविनय’, ‘नम्र’, ‘भाग्य’, ‘बहुमूल्य’ असे पाच आदराचे शब्द एवढ्याशा मजकुरात आहेत. तरीही वाचणाऱ्याला आपल्यावर काहीतरी टाकलं जातंय असं वाटतं. ते कुठून येतं, ते एकेक करून बघण्यासारखं आहे, कारण आणखी दोन नम्र शब्द घालून ते जात नाही.

सगळ्यात जड वाक्य सचिवांचं. ते गृहस्थ त्यांना म्हणाले होते, “मेल करायला सांग.” मेलमध्ये त्याचं झालं, “आपण मला मार्गदर्शन करण्यास तयार आहात.” माणसाने मेल वाचायची तयारी दाखवली होती, बोलण्याची नाही, मार्गदर्शनाची तर नाहीच. आपण न दिलेला शब्द आपल्या नावावर लिहिलेला दिसला की कोणीही सावध होतो. यातून सचिवही अडचणीत येतात. त्या गृहस्थांनी उद्या त्यांना “मी असं कधी म्हणालो?” असं विचारलं, तर पुढच्या विद्यार्थ्याला पत्ता देताना ते दहा वेळा विचार करतील. मध्यस्थाने जे सांगितलं तेवढंच लिहायचं, शक्य तर त्याच्याच शब्दांत. तिच्या बाबतीत हे अगदी नकळत घडलं: “मेल करायला सांग” हे ऐकून तिला इतका आनंद झाला की लिहिताना तो होकारच झाला.

दुसरी गोष्ट एका अक्षराची. ‘आपल्याच महाविद्यालयाची.’ तो ‘च’ नात्यागोत्याचा हक्क सांगतो, ‘आपलीच आहे, तेव्हा बघाच’ असा. ‘आपल्या महाविद्यालयात शिकते’ एवढं लिहिलं तर तीच माहिती पोचते आणि हक्क गळून पडतो. असाच दुसरा ‘च’ ‘कोअरमध्येच’, म्हणजे आपल्या शाखेच्याच कामात, यातला. त्याने दुसरं काही ऐकायची तयारी नाही असं दिसतं, मग सल्ला कशाला मागायचा?

तिसरी गोष्ट क्रियापदाची. ‘मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती’, ‘कृपया कळवावे’. ही अर्जाची भाषा. शाळेपासून आपण रजेचे, दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज याच साच्यात लिहितो, म्हणून औपचारिक लिहायचं म्हटलं की हात आपोआप तिकडे वळतो. पण अर्ज ज्याच्याकडे जातो त्याचं ते कामच असतं. त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. चाकणच्या त्या गृहस्थांवर असं कुठलंही बंधन नाही. त्यांना ‘करावे’, ‘कळवावे’ लिहिलं की नम्र विनंतीच्या वेष्टनात आज्ञा पोचते. ‘जमेल का?’ या दोन शब्दांत ‘नाही’ म्हणायला जागा आहे. ‘करावे ही विनंती’ यात ती नाही. शेवटची ‘खात्री आहे’ आणि ‘सकारात्मक प्रतिसादाच्या अपेक्षेत’ ही वाक्यंही याच जातीची. अपेक्षा हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण ज्याच्याकडून ती ठेवली जाते त्याला तो शब्दशः ऐकू येतो.

आता मजकुरातली मागणी. चार प्रश्न आहेत आणि एकही त्यांच्यासाठी नाही. कोअरमध्ये संधी कशा आहेत, कोणते कोर्स करावेत, एनव्हीएचचं भवितव्य काय, हे कोणालाही विचारता येईल. ‘सविस्तर’ या शब्दाने तर सगळं काम त्यांच्याकडे सरकवलं: हिला नेमकं काय हवंय ते त्यांनी शोधायचं, कुठून सुरुवात करायची ते त्यांनी ठरवायचं, किती वेळ लागेल त्याचा अंदाजही त्यांनीच बांधायचा. असा मेल मनाने चांगला माणूसही ‘सावकाश उत्तर देऊ’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि तो सावकाश वेळ येत नाही. अशा मेलला बहुतेक वेळा नकार येत नाही, नुसती शांतता येते. त्यावरून लिहिणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कधी कळत नाही.

रेझ्युमे आणि ‘माझ्या योग्य जागा’ यांनी तर विषयच बदलला. संभाषणाची विनंती नोकरीच्या विनंतीत गेली. जो माणूस हिला ओळखत नाही, तो हिच्याबद्दल आपल्या कंपनीत काय सांगणार? अनेक कंपन्यांत शिफारस करणाऱ्याचं नाव नोंदलं जातं. उद्या ते नाव निघतं. मग तो सोपा मार्ग घेतो: ‘रेझ्युमे एचआरला पाठवला आहे, शुभेच्छा.’ हे उत्तर आलं की पुष्कळ मुलांना काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात बोलण्याचं दार तिथे सभ्यपणे लावलेलं असतं, कारण त्यांच्या बाजूने मागणी पूर्ण झालेली असते.

राहिला शुक्रवार. मुदत खरी होती, पण ती तिची होती. दुसऱ्याच्या वेळापत्रकात आपली घाई नेऊन ठेवणं हा यातला सगळ्यात उघड अनादर, आणि नेमका तोच लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याला ती घाई आतून जाळत असते. ती मुदत तिने प्लेसमेंट ऑफिसात जाऊन सोडवली. त्या महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे आयटीची ऑफर स्वीकारली तरी कोअर कंपन्यांच्या मुलाखतींना बसता येत होतं. पंधरा मिनिटांत प्रश्न मिटला, आणि मेलमधला एक परिच्छेद आपोआप गळला.

दुसऱ्या मसुद्याचं काम लिहिण्यापासून सुरू झालं नाही, वाचण्यापासून झालं. स्मरणिकेतला लेख तिने पेन्सिल घेऊन वाचला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की सुरुवातीची चार वर्षं त्यांनी मशीन शॉपमध्ये काढली आणि मग चाचणी विभागात गेले. शॉपमधल्या कामामुळे मोजमापातल्या चुका लवकर लक्षात यायच्या. मग एका कागदावर तिने मनात येतील ते सगळे प्रश्न लिहून काढले. चौदा झाले. ज्याचं उत्तर लेखात, कंपनीच्या संकेतस्थळावर, विभागातल्या प्राध्यापकांकडे किंवा गेल्या वर्षी पास झालेल्या मुलांकडे मिळेल तो खोडायचा, असं ठरवलं. नऊ लगेच गेले. पगाराचा एक होता, तो पहिल्या संभाषणात नको म्हणून गेला. एक तर ‘तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं’ असा होता. तोही गेला, कारण तो निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर टाकतो. उरलेल्या तिनांपैकी दोन ठेवले. वीस मिनिटांत दोनच प्रश्न नीट होतात. तिसरा आला की प्रत्येकाला घाईचं उत्तर मिळतं.

पाठवलेला मेल:

> विषय: चाचणी विभागाबद्दल दोन प्रश्न, २० मिनिटं फोनवर जमेल का? (मेकॅनिकल, अंतिम वर्ष)
>
> नमस्कार सर,
>
> मी आपल्या महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचा पत्ता माजी विद्यार्थी संघाच्या सचिवांनी तुम्हाला विचारून दिला, त्याबद्दल आभार.
>
> स्मरणिकेतला तुमचा लेख वाचला. मशीन शॉपमधल्या चार वर्षांमुळे मोजमापातल्या चुका लवकर लक्षात यायच्या, हा भाग विशेष लक्षात राहिला, कारण आमचा प्रोजेक्ट बेअरिंगमधला दोष कंपनांवरून ओळखण्याचा आहे (६२०५ बेअरिंग, एक ॲक्सेलरोमीटर) आणि आमचे आकडे दर वेळी थोडे वेगळे येतात.
>
> दोन गोष्टी विचारायच्या आहेत:
> १. चाचणी विभागात काम करायचं असेल तर आधी दोन-तीन वर्षं उत्पादनात काढणं आजही उपयोगी पडतं का, की एम.टेक. करून थेट येणं बरं?
> २. नव्या मुलांशी त्यांच्या प्रोजेक्टबद्दल बोलताना तुम्ही काय बघता?
>
> पुढच्या तीन आठवड्यांत कधी २० मिनिटं फोनवर बोलणं जमेल का? मी शनिवारी दिवसभर आणि इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर मोकळी असते; तुम्हाला दुसरी वेळ सोयीची असेल तर तीही चालेल. फोनपेक्षा दोन ओळी लिहिणं सोपं वाटत असेल तर तेवढंही पुरेल. सध्या जमणार नसेल तरी हरकत नाही.
>
> (पूर्ण नाव, शाखा आणि वर्ष, मोबाइल क्रमांक)

विषयाची ओळ लांब वाटेल. पण मोबाइलवर तिचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, म्हणून ‘चाचणी विभागाबद्दल दोन प्रश्न’ पुढे आहे आणि कंसातली ओळख मागे. ‘मार्गदर्शनाबाबत’ असं लिहिलेला विषय दुकानात ‘काहीतरी द्या’ म्हणण्यासारखा असतो, उघडल्याशिवाय काही कळत नाही.

लेखाचा उल्लेख एका वाक्याचा आहे आणि तो स्तुतीसाठी नाही. त्यातली एक नेमकी गोष्ट उचलून ती स्वतःच्या अडचणीला जोडली आहे: ‘आमचे आकडे दर वेळी थोडे वेगळे येतात.’ हे कबूल करायला ती कचरत होती, आपण कच्चे वाटू म्हणून. उलट पूर्ण मेलमध्ये चाचणीच्या माणसाला सगळ्यात ओळखीचं वाटणारं वाक्य तेच आहे. ‘लहानपणापासून यंत्रांची आवड’ यातून त्यांना काही कळत नव्हतं. यातून ही मुलगी सेन्सर हातात घेऊन बसली आहे हे कळतं.

वेळेच्या परिच्छेदात तीन गोष्टी एकामागे एक आहेत आणि त्यांचा क्रम मुद्दाम तसा आहे. आधी किती वेळ आणि किती दिवसांत, मग स्वतःची मोकळीक, मग सुटायच्या दोन वाटा. ‘तुम्हाला जमेल तेव्हा’ एवढंच लिहिलं असतं तर ते नम्र दिसलं असतं, पण मग वेळ शोधून सुचवण्याचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडलं असतं. आणि एकच वेळ दिली असती तर तो हुकूम झाला असता. ‘हरकत नाही’ हे एकदाच म्हटलं आहे. काही मुलं ते तीन ठिकाणी लिहितात, ‘आपण व्यस्त असाल, उत्तर नाही दिलं तरी चालेल, त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’, आणि मग वाचणाऱ्याला आपणच कुणाला तरी घाबरवलंय की काय असं वाटू लागतं.

संबोधनावरून तिचं बराच वेळ अडलं. हॉस्टेलमध्ये दोन-चार वर्षं पुढच्यांना ‘दादा’ म्हणायची रीत आहे आणि ती गोड आहे; पण वीस वर्षं पुढच्या, न भेटलेल्या माणसाला पहिल्याच मेलमध्ये ‘दादा’ म्हणणं म्हणजे जवळीक आपणच ठरवून टाकणं. ‘सर’ योग्य. तेच फोनवर “अगं, सर काय, दादा म्हण” म्हणाले तर म्हणावं. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांत ‘तुम्ही’ घेतलं, कारण ‘आपण’ घेतलं की पाठोपाठ ‘करावे’, ‘लाभावे’ येतात आणि मजकूर पुन्हा अर्जाकडे घसरतो. भाषा मराठी ठेवली, कारण त्यांचा लेख मराठीत होता. त्यांचं काही मराठीत वाचलेलं नसतं किंवा पत्ता ऑफिसचा असता, तर साधं इंग्रजी बरं. भाषेने आपुलकी वाढते हे खरं, पण समोरच्याला ती त्या जागी नको असू शकते.

पाठवण्याची वेळ. पुणे परिसरातल्या बऱ्याच कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. शिवाय महिन्याचे शेवटचे दिवस माल बाहेर काढण्याच्या धांदलीचे. तिने महिन्याच्या मधल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी पाठवला. दिवाळी दहा दिवसांवर होती, ते मात्र ध्यानात आलं नाही. सणाच्या आधीच्या पंधरवड्यात सुटे भागवाल्यांकडे कामाचा रेटा असतो, आणि नेमका तिथेच तिचा मेल जाऊन पडला.

आठवडा गेला, उत्तर नाही. इथे दोन मोह होतात. पहिला मोह सचिवांना “सरांनी बघितलं का हो?” असं विचारण्याचा, त्याने मध्यस्थाला वसुलीला लावल्यासारखं होतं. दुसरा मोह त्याच कंपनीतल्या आणखी दोन माजी विद्यार्थ्यांना तोच मेल नाव बदलून पाठवण्याचा. ती माणसं एकाच कँटीनमध्ये जेवतात. तिघांना एकसारखे मेल आलेत हे दुपारपर्यंत कळतं आणि मग तिघंही उत्तर देत नाहीत. दुसऱ्यांना लिहायचंच तर दुसऱ्या कंपनीतल्यांना, त्यांचं काम वाचून, नव्याने.

भाऊबीज होऊन गेल्यावर तिने त्याच मेलच्या उत्तरात आठवण पाठवली. पहिल्या मेलनंतर पंधरा दिवसांनी. एरवी सात ते दहा दिवस पुरतात. मध्ये सण असल्याने तिने थांबून पाठवली आणि ते बरोबर केलं.

> नमस्कार सर, दिवाळीआधी पाठवलेला मेल खाली आहे. मधल्या काळात सेन्सरची जागा पक्की करून पुन्हा मोजलं, तरी वरच्या फ्रिक्वेन्सीला आकडे हलतातच. २० मिनिटं बोलणं जमणार असेल तर नोव्हेंबरमधला कोणताही शनिवार चालेल. नसेल तर ही शेवटची आठवण, पुन्हा त्रास देणार नाही.

शेवटचं अर्धं वाक्य, ‘पुन्हा त्रास देणार नाही’, काढायला हवं होतं. त्यात नकळत रुसवा आला आहे. ‘नसेल तरी हरकत नाही’ एवढ्यावर थांबायचं आणि खरोखरच पुन्हा लिहायचं नाही. बाकी आठवण चांगली उतरली, कारण तिच्यात ‘माझा मेल मिळाला का’ नव्हतं; पंधरा दिवसांत केलेलं काम होतं.

त्याच संध्याकाळी उत्तर आलं, दीड ओळीचं: “शनिवारी ११ ला फोन कर. त्याआधी एक ग्राफ पाठव.” अशा उत्तराला परत चार परिच्छेद पाठवायचे नसतात. तिने लिहिलं, “शनिवारी ११ ला करते. ग्राफ सोबत आहे.” ग्राफ एकच, पीडीएफमध्ये, दोन्ही अक्षांवर एकक लिहिलेला, खाली मोटरचा वेग आणि सेन्सर कुठे होता ते एका ओळीत. प्रोजेक्टचा साठ पानी अहवाल जोडायचा मोह तिने आवरला.

फोन ११ वाजता तिने केला. पहिलं वाक्य: “सर, आत्ता बोलणं सोयीचं आहे ना? ११.२० ला मी थांबते.” स्वतःची ओळख पुन्हा सांगितली नाही. त्यांनीच ग्राफवरून सुरुवात केली: “सेन्सर कशाने बसवलास?” चुंबकाने, ती म्हणाली. मग त्यांनी समजावलं की चुंबकाने बसवलेला ॲक्सेलरोमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचा राहत नाही, स्टडने, म्हणजे आटे असलेल्या खुंटीने, आवळून बसवला तर बराच वरपर्यंत चालतो. पृष्ठभाग साफ नसला, रंगाचा थर असला तरी फरक पडतो. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. नव्या मुलाने काय शोधलं यापेक्षा आपलं मोजमाप कुठे चुकू शकतं हे त्याला माहीत आहे का, ते बघतात. पहिल्या प्रश्नावर त्यांचं मत असं पडलं की उत्पादनातली वर्षं वाया जात नाहीत, पण तिथून निघणं हातात नसतं. ज्या कारखान्यात चाचणी विभाग त्याच आवारात आहे तिथेच ती वाट धरावी. हे उत्तर कुठल्याही संकेतस्थळावर मिळालं नसतं.

११.१८ ला ती म्हणाली, “सर, वीस मिनिटं होत आली.” ते म्हणाले, “असू दे, बोल.” बोलणं ३१ मिनिटं चाललं. मुदत मोडायचा हक्क त्यांचा आहे, आपला नाही; म्हणून आठवण आपणच करून द्यायची. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली: “एम.टेक. करून या कामात आलेल्या कोणाशी बोलणं बरं होईल?” त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याचं नाव सांगितलं. तिने लगेच विचारलं, “त्यांना लिहिताना तुमचं नाव घेतलं तर चालेल?” हा प्रश्न विसरला की सचिवांच्या वाक्याची चूक पुन्हा होते, फक्त नव्या माणसाच्या नावावर.

आभाराचा मेल त्याच दिवशी गेला, पाच ओळींचा. त्यात ‘अमूल्य मार्गदर्शन’ नव्हतं; ‘स्टड बसवण्यासाठी वर्कशॉपमधून बेअरिंग हाउसिंगला भोक पाडून आटे पाडून घेते आणि जानेवारीत पुन्हा मोजते’ असं होतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने दोन ग्राफ पाठवले, चुंबकाचा आणि स्टडचा, एकाखाली एक, आणि एक वाक्य: दुसऱ्यात दोषाची रेघ सलग पाचही वेळा एकाच जागी आली. नोकरीचं नाव काढलं नाही. त्यांचं उत्तर आलं, “छान. आता लोड वाढवून बघ.”

एक गोष्ट पाठवलेल्या मेलमध्येही कमी राहिली होती. दुसरा प्रश्न, ‘तुम्ही काय बघता’, मुलाखतीची उत्तरं काढून घेण्यासारखा वाचता येतो. त्यांनी तो तसा घेतला नाही, कारण वरच्या परिच्छेदात खरी अडचण होती आणि त्या अडचणीने प्रश्नाला आधार दिला. त्या सहकाऱ्यांना लिहिताना तिने तो बदलला: ‘प्रोजेक्टमध्ये मोजमापाची कोणती चूक तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा दिसते?’